सुरमईचा हिशेब: स्वयंपाकघरातील रोजचा स्टॉक तक्ता

मित्रहो, दादर-गिरगावात मालवणी जेवणाची हॉटेले चालवणारी बरीच मंडळी आज येथे आहेत, म्हणून मी तक्त्यातील सगळ्या मालाविषयी न बोलता फक्त सुरमईची एक ओळ घेतो. तांदूळ-तेलाचा हिशेब तुलनेने सरळ असतो. मासळीचा मात्र चुकण्याच्या इतक्या जागा ठेवतो की ती ओळ नीट समजली की बाकीचा तक्ता फारसा अवघड राहत नाही.

सूत्र आपल्याला ठाऊक आहे: सकाळची ओपनिंग अधिक दिवसाची खरेदी वजा रात्रीची क्लोजिंग म्हणजे दिवसभरात गेलेला माल. समजा, सकाळी फ्रीजमध्ये 3 किलो तुकड्या आहेत, 12 किलो अख्खी सुरमई आली आणि रात्री 2 किलो 400 ग्रॅम तुकड्या उरल्या. म्हणजे 12 किलो 600 ग्रॅम माल गेला. आता केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात आलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, मोजा. 150 ग्रॅमच्या एका तुकडीच्या 55 प्लेटी विकल्या गेल्या, म्हणजे सव्वाआठ किलो. चार किलोंहून अधिक सुरमई गेली कुठे, असा प्रश्न मालकाला पडतो आणि संशयाची सुई थेट कूककडे वळते.

वास्तविक येथे चोरी झालेलीच नाही. खरेदी अख्ख्या माशात लिहिली आहे, तर ओपनिंग आणि क्लोजिंग तुकड्यांत. डोके, शेपटी, पोटातली घाण काढल्यावर 12 किलोंतून समजा 8 किलो 400 ग्रॅम तुकड्या निघाल्या, तर तक्त्यात खरेदीसमोर तोच आकडा यायला हवा. अख्ख्या माशाचे वजन बिल पडताळण्यासाठी शेजारच्या रकान्यात असावे, आणि तेही बर्फ व पाणी निथळल्यावरचे. डोकी कालवणात जात असतील तर त्यांची ओळ वेगळी करावी. ती वेस्टेज नव्हेत. अशी दुरुस्ती केली की 3 अधिक 8.4 वजा 2.4, म्हणजे 9 किलो माल गेला आणि विक्रीशी तफावत राहिली 750 ग्रॅमची.

यापुढचा रकाना वेस्टेजचा. तव्यावर मोडलेली एक आणि गिऱ्हाइकाने परत पाठवलेली एक, अशा दोन तुकड्या, 300 ग्रॅम, वहीत लिहिलेल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी हे 300 ग्रॅम गेलेल्या मालात पुन्हा मिळवले जातात, आणि ते चूक आहे. फेकलेली तुकडी क्लोजिंगमध्ये नसल्यामुळे त्या 9 किलोंत ती आधीच आलेली असते. वेस्टेज फक्त तफावतीचा खुलासा करते. 750 मधून 300 गेले, उरले 450 ग्रॅम, आणि दिवसाच्या अखेरीस विचार करायचा तो एवढ्याच आकड्याचा.

या 450 ग्रॅमचे कारण एका दिवसाच्या तक्त्यावरून सांगता येत नाही, आठवड्याचे तक्ते शेजारी ठेवावे लागतात. क्लोजिंग मोजताना खालच्या खणातला डबा राहून गेला असेल, तर आज 450 ग्रॅम जास्त गेल्यासारखे दिसते. पण उद्याची ओपनिंगही तेवढीच कमी लिहिली जात असल्याने उद्या तितकाच माल कमी गेल्याचे दिसते. एक दिवस तूट, दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढीच वाढ, असे दिसले तर मोजणी चुकली असे समजावे. चोरी दुसऱ्या दिवशी भरून येत नाही. तूट विक्रीबरोबर वाढत असेल, रविवारी जास्त आणि सोमवारी कमी, तर तुकडी जाड कापली जात आहे का ते पाहावे. दहा तुकड्या एकदम काट्यावर ठेवाव्यात: दीड किलोऐवजी 1 किलो 580 ग्रॅम भरल्या, तर तुकडीमागे 8 ग्रॅम जादा जातात आणि 55 प्लेटींत 440 ग्रॅम होतात, म्हणजे आपली तूट जवळजवळ सगळीच सापडली. विक्री कितीही असो, तूट ठरावीकच राहत असेल, तर स्टाफच्या जेवणात किंवा केओटीशिवाय जाणाऱ्या प्लेटींत शोध घ्यावा.

आणि तूट रोज शून्यच येत असेल तर? मला अशा तक्त्याचा सर्वांत जास्त संशय येतो. रात्री हिशेब जुळवून जी तफावत निघाली तीच वेस्टेजच्या रकान्यात लिहून टाकण्याची सवय कित्येक स्वयंपाकघरांत असते. म्हणून वेस्टेज फेकतानाच काट्यावर वजन करून, कारण आणि वेळेसह लिहावे, आणि क्लोजिंग मोजणाऱ्याच्या हातात केओटीची बेरीज देऊ नये.

शेवटी, तुकड्यांचा जो उतारा आपण धरला, म्हणजे 12 किलोंतून 8 किलो 400 ग्रॅम, तो कायमचा नसतो. लहान सुरमईत डोक्याचा वाटा वेगळा पडतो, आणि 1 जूनपासून मासेमारीबंदी सुरू झाली की फ्रोझन माल येतो, जो वितळताना पाणी सोडून वजन घटवतो. त्या दिवसांत पहिल्या दोन-तीन खेपा वितळवून, निथळवून, कापून पुन्हा तोलाव्यात आणि तक्त्यातला उतारा बदलून घ्यावा.