निरपेक्ष शून्यावरचं तांबं

मित्रहो, टेबलावर तांब्याचा एक ठोकळा ठेवला आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १ सेंटिमीटर, वजन ९ ग्रॅमला जरासं कमी. पुढच्या रांगेपासून तो हातोहात फिरू द्या. हातात घेतलात की गार लागेल. मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या ठोकळ्याच्या आत घडतं.

तांब्याच्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन सुटा होऊन साऱ्या ठोकळ्याचा होतो. वीज वाहते ती याच इलेक्ट्रॉनांमुळे. घनता आणि अणुभार माहीत असले की त्यांची मोजदाद सोपी आहे. या ठोकळ्यात ते ८५ वर २१ शून्यं इतके आहेत. आता समजा, ठोकळा गार करत करत उणे २७३.१५ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे शून्य केल्व्हिनपर्यंत नेला. त्याच्याकडून काढून घेता येईल तेवढी सगळी उष्णता काढून घेतली. मग हे इलेक्ट्रॉन काय करत असतील?

शाळेत शिकलेलं आठवून आपण म्हणू, सगळे गप्प होतील. उष्णता म्हणजे कणांची धावपळ; उष्णता संपली, धावपळ संपली. १९०० साली पाउल द्रूड यांनी धातूतल्या इलेक्ट्रॉनांना डबीत कोंडलेल्या वायूसारखं मानलं, तेव्हा याच हिशेबाने मानलं. प्रत्यक्षात शून्य केल्व्हिनवरही या ठोकळ्यातले सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १५७० किलोमीटर वेगाने चाललेले असतात. जितके डावीकडे, तितकेच उजवीकडे, म्हणून विद्युतप्रवाह दिसत नाही इतकंच. हा वेग त्यांना उष्णतेने दिलेला नाही. तो येतो निव्वळ मोजणीतून, आणि ती मोजणी आज आपण इथेच करणार आहोत.

सुरुवात तंबोऱ्यापासून करू. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते. ती एका फुगवट्यात डोलेल, दोन फुगवट्यांत डोलेल, तीन फुगवट्यांत डोलेल. अडीच फुगवट्यांत मात्र डोलणार नाही, कारण टोकं हलू शकत नाहीत. ठोकळ्यात कोंडलेला इलेक्ट्रॉन हाही एक तरंगच आहे, आणि ठोकळ्याच्या भिंती म्हणजे त्याची बांधलेली टोकं. त्यामुळे फुगवटे पूर्णांकातच हवेत. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: फुगवटे दुप्पट झाले की ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाले की नऊपट. ऊर्जा फुगवट्यांच्या वर्गाप्रमाणे चढते.

ठोकळ्याला दिशा तीन, म्हणून प्रत्येक तरंगाचे आकडे तीन: लांबीला इतके फुगवटे, रुंदीला इतके, उंचीला इतके. तिघांच्या वर्गांची बेरीज करा, ती झाली त्या तरंगाची ऊर्जा. आपल्या ठोकळ्यापुरतं यातलं एकक भलतंच लहान आहे. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप. एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचे २ लाख ६६ हजार अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे हे एकक. सर्वांत खालची पातळी, तिन्ही दिशांना एकेक फुगवटा, ही फक्त तीन एककांची.

सगळे इलेक्ट्रॉन त्या सर्वांत खालच्या पातळीत जाऊन बसले असते, तर शून्य केल्व्हिनवर ते जवळजवळ गप्पच असते. काही कणांचं तसं होतंही. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाने ओळखले जाणारे बोसॉन एकाच अवस्थेत कितीही मावतात. इलेक्ट्रॉन त्या जातीचे नाहीत. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली मांडलेलं अपवर्जन तत्त्व सांगतं की एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन. स्पिन हा इलेक्ट्रॉनचा एक अंगभूत गुण, आणि त्याच्या दोन तऱ्हा असल्यामुळे एका तरंगात दोन बसतात, तिसरा नाही.

हे का, असं प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी विचारतं, आणि विचारायलाच हवं. बहुतेकांचा पहिला अंदाज असतो की दोघेही ऋणभारित, म्हणून एकमेकांना ढकलत असतील. तो अंदाज चुकीचा आहे. विद्युतभार काढून टाकला असता तरी हा नियम तसाच राहिला असता. मूळ आहे ते इलेक्ट्रॉनांच्या सारखेपणात. दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडीचं वर्णन करणारं जे गणिती फलन असतं, त्यात दोघांची अदलाबदल केली की चिन्ह बदलतं, अधिकाचं उणे होतं. हा इलेक्ट्रॉनांचा स्वभावच आहे. आता दोघेही एकाच तरंगात आणि एकाच स्पिनमध्ये आहेत असं धरा. अशा दोघांची अदलाबदल केली तर काहीच बदलायला नको, पण स्वभाव म्हणतो चिन्ह बदललंच पाहिजे. स्वतःच्या उण्याइतकी असणारी संख्या एकच, शून्य. म्हणजे तशी जोडी असण्याची शक्यताच शून्य. कोणी कोणाला हुसकावून लावत नाही. ती स्थिती मुळात अस्तित्वातच नसते.

आता मोजू. या हॉलच्या एका कोपऱ्याकडे बघा, जिथे दोन भिंती आणि जमीन मिळतात. तिथून एका भिंतीलगत लांबीचे फुगवटे मोजा, दुसऱ्या भिंतीलगत रुंदीचे, आणि वर छताकडे उंचीचे. प्रत्येक तरंग म्हणजे या जागेतला एक ठिपका. ठिपक्याचं कोपऱ्यापासूनचं अंतर जेवढं, त्याच्या वर्गाइतकी त्याची ऊर्जा. इलेक्ट्रॉन कमीत कमी ऊर्जेत बसायचे म्हणजे कोपऱ्यापासून भरत बाहेर यायचं, प्रत्येक ठिपक्यावर दोन. भरलेला भाग कसा दिसेल? मोसंबं तीनदा एकमेकांना काटकोनात कापलं तर आठ सारख्या फोडी निघतात, त्यातल्या एका फोडीसारखा. फोडीचं टोक कोपऱ्यात, साल बाहेर.

इलेक्ट्रॉन ८५ वर २१ शून्यं, म्हणजे ठिपके त्याच्या निम्मे लागतील. तेवढे ठिपके मावायला फोडीची त्रिज्या किती हवी? गोलाच्या घनफळाचं नेहमीचं सूत्र घ्या, त्याचा आठवा हिस्सा करा, घनमूळ काढा. उत्तर येतं सुमारे ४ कोटी ३३ लाख. याचा वर्ग १८ लाख ७५ हजार अब्ज. त्याला मघाच्या २ लाख ६६ हजार अब्जांनी भागलं की ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा किंचित जास्त. ही तांब्याची फर्मी पातळी, म्हणजे निरपेक्ष शून्यावर भरलेली सर्वांत वरची पातळी. खालून इथवर एकही जागा रिकामी नाही आणि इथून वर एकही भरलेली नाही.

मी ठोकळा १ सेंटिमीटरचा घेतला म्हणून हे उत्तर आलं, असं समजू नका. ठोकळ्याची बाजू दुप्पट केली तर इलेक्ट्रॉन आठपट होतील, फोडीची त्रिज्या दुप्पट होईल, पण एकक चौथ्या हिश्श्यावर येईल. उत्तर पुन्हा ७ च. आकाराचा संबंध नाही, संबंध आहे इलेक्ट्रॉन किती दाटीने आहेत याचा. १ सेंटिमीटरला ४ कोटी ३३ लाखांनी भागून बघा: सर्वांत वरच्या तरंगाचा एक फुगवटा जवळपास तांब्याच्या दोन शेजारी अणूंमधल्या अंतराएवढा निघतो. सोडियममध्ये दाटी कमी, म्हणून तिथे वरची पातळी ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो, तिथे ती ११.७ वर.

सात इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे किती, हे तपमानाच्या भाषेत सांगायचं तर ८० हजार केल्व्हिनच्या वर. मग ठोकळा हाताला चटका का देत नाही? कारण हाताला ऊर्जा द्यायची तर इलेक्ट्रॉनला खाली उतरावं लागेल, आणि खाली सगळ्या जागा भरलेल्या आहेत. ही ऊर्जा आहे खरी, पण ती उष्णता म्हणून बाहेर येऊच शकत नाही.

उलट बाजूनेही तेच. खोलीच्या तपमानाला उष्णता एका इलेक्ट्रॉनला साधारण एक चाळीसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट देऊ करते. तळाच्या इलेक्ट्रॉनने ती घेतली तर तो जाईल कुठे? त्याच्या वरच्या जागाही भरलेल्याच. ती घेऊ शकतात फक्त अगदी काठावरचे, ज्यांच्या डोक्यावर मोकळी जागा आहे. तांबं १०८५ अंशांना वितळतं, तेव्हासुद्धा उष्णतेचा हा वाटा सात इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या साठाव्या हिश्श्याएवढाच असतो. काठ थोडा पुसट होतो, बाकीची भरण तशीच.

इथेच एक जुनं कोडं सुटतं. ६३.५ ग्रॅम तांबं एक अंश तापवायला अणूंच्या थरथरण्यासाठी सुमारे २५ ज्यूल लागतात. इलेक्ट्रॉन द्रूड म्हणत होते तसे वायूसारखे असते, तर त्यांच्यासाठी आणखी साडेबारा लागले असते. मोजलं तर लागतात एकूण २४ ते २५. वीज वाहताना हजर असणारे इलेक्ट्रॉन उष्णता घेताना कुठे जातात, हे पाव शतक कोणाला कळत नव्हतं. १९२६ साली एन्रिको फर्मी आणि पॉल डिरॅक यांनी स्वतंत्रपणे ही भरणीची सांख्यिकी मांडली आणि पुढच्याच वर्षी आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी ती धातूंना लावली. त्या हिशेबाने इलेक्ट्रॉनांचा वाटा साडेबारा ज्यूलवरून पाव ज्यूलच्याही खाली येतो. १९२८ मध्ये सोमरफेल्ड मद्रासला आले होते. तिथे कॉलेजात शिकणाऱ्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना त्यांनी हे नवं शास्त्र सांगितलं, आपल्या लेखाची मुद्रितंही वाचायला दिली. पुढे चंद्रशेखरांनी हीच भरण श्वेतबटू ताऱ्यांना लावली, हे आपण जाणताच. त्या दोघांच्या भेटीची आठवण झाली की मला अजूनही भरून येतं.

आता, हा काठ खरोखर आहे हे दिसतं कुठे? त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ठोकळा आता कोणाच्या हातात आहे? त्याचा रंग बघा. मी आतापर्यंत सुट्या इलेक्ट्रॉनांबद्दलच बोललो. पण तांब्याच्या अणूत आणखी दहा इलेक्ट्रॉन असे आहेत की ते आपल्या अणूला बऱ्यापैकी धरून असतात. त्यांचा पट्टा फर्मी पातळीच्या साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली संपतो. माझं सोपं चित्र त्यांना धरत नाही, ही त्याची मर्यादा. प्रकाश पडला की यातला इलेक्ट्रॉन वर उडी मारू पाहतो. दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी उडीत तो ज्या जागी पोचेल त्या सगळ्या भरलेल्या. म्हणून तांबड्या प्रकाशाला, ज्याच्या कणाची ऊर्जा दोनपेक्षा कमी असते, तांबं अशा उडीसाठी शोषू शकत नाही. तो परत येतो. हिरव्या-निळ्या प्रकाशाची ऊर्जा दोनच्या वर, त्याने उडी काठापलीकडच्या मोकळ्या जागेत पडते, आणि त्या प्रकाशाचा बराच भाग आतच राहतो. चांदीत हा पट्टा जवळपास चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली आहे. त्यामुळे दिसणाऱ्या कुठल्याच रंगाची उडी तिथे काठापर्यंत पोचत नाही, आणि चांदी पांढरी दिसते.