वीस पानांची केस, आठ स्लाईड्स आणि एक डबा

एमबीएच्या वर्गात केस स्टडी, म्हणजे एखाद्या व्यवसायाची खरी गोष्ट आणि तिच्यावर घ्यायचा निर्णय, हातात पडली की ग्रुपमध्ये पहिलं काय होतं ते मी दरवर्षी बघते. पाच जण असतात, वीस पानं असतात, मग प्रत्येकाला चार चार पानं वाटून टाकतात आणि शेवटच्या रात्री कुणीतरी एक जण सगळं चिकटवतो. वाचायला सोपं जातं हे खरं, पण त्यातून केसचं प्रेझेंटेशन होत नाही, पाच वेगळे सारांश होतात आणि निर्णय कुठल्याच स्लाईडवर सापडत नाही.

आज आपण मुंबईच्या डबेवाल्यांची केस घेऊ, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टेफान थॉम्के यांनी 2010 मध्ये लिहिलेली, बऱ्याच एमबीए कॉलेजांत शिकवतात ती. तेव्हा साधारण पाच हजार डबेवाले होते, पंचवीसेक जणांचे दोनशेच्या आसपास गट. समजा तुम्हाला प्रश्न दिलाय, की ऑनलाईन खरेदीची पार्सलं पोचवायचं काम त्यांनी घ्यावं का?

लॅपटॉप उघडू नका. आधी सगळ्यांनी पूर्ण केस वाचा, हो, पाचही जणांनी, आणि मग एका वाक्यात उत्तर लिहा. माझं उत्तर असं: रोज त्याच दोन पत्त्यांमध्ये, त्याच वेळेला होणारं काम घ्यावं, बाकीचं नको. आता हे उत्तर पटायला ऐकणाऱ्याला काय काय माहीत पाहिजे, तेवढंच केसमधून उचलायचं.

सगळ्यात महत्त्वाचा पुरावा डब्याच्या झाकणावर आहे. मधोमध मोठा आकडा असतो, तो डबा कुठल्या भागात पोचवायचा ते सांगतो. कडेला पोचवणाऱ्या डबेवाल्याचा नंबर, ऑफिसच्या बिल्डिंगची अक्षरं आणि मजला, आणि रंग नि आकारावरून कळतं की डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला. घराचा पूर्ण पत्ता त्यात नसतोच, कारण तो डबेवाल्याच्या डोक्यात असतो, रोज तेच घर म्हणून! पार्सलाचा पत्ता रोज नवा, म्हणजे हा कोड तिथे चालणारच नाही. बघा, एका झाकणाच्या फोटोवर तुमचा अर्धा युक्तिवाद उभा राहिला, त्यामुळे ह्याला एक अख्खी स्लाईड द्या आणि फोटो मोठा ठेवा.

दुसरा पुरावा लोकलचा. मोठ्या स्टेशनवर डब्यांचे क्रेट चढवायला साधारण चाळीस सेकंद, मधल्या स्टेशनवर वीस. म्हणून डबा वेळेवर तयार नसला तर थांबता येत नाही, आणि म्हणूनच गटात काही जास्तीची माणसं ठेवलेली असतात. वेळ पाळणं इथे गाडीच करून घेते, पण पार्सल दुपारी तीनला निघालं तर त्याला ही शिस्त कुठून लावणार?

मग आठ स्लाईड्स अशा होतात: निर्णय आणि आपलं उत्तर, एका डब्याचा सकाळपासूनचा प्रवास, झाकण, लोकल, गट, चुकांचा आकडा, नव्या कामांची तुलना, आणि शेवटी शिफारस, कुठल्या परिस्थितीत आपण चुकीचे ठरू ह्याच्यासकट. 1890 च्या सुमाराची सुरुवात, महादेव हावजी बच्चे वगैरे, हे तोंडी एका वाक्यात, स्लाईड नाही. मुलांना हे फार जड जातं, मला माहितीये, कारण इतिहास वाचायला छान आहे, पण आपल्या निर्णयाला त्याची मदत होत नाही.

चुकांच्या आकड्याबद्दल थोडं थांबते. एक कोटी साठ लाख फेऱ्यांत एक चूक, हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि मुलं ते तसंच चिकटवतात. जरा भागाकार करून बघा. रोज दोन लाख डबे धरले, जाऊन येऊन चार लाख फेऱ्या, म्हणजे अख्ख्या मुंबईत चाळीस कामाच्या दिवसांत एकच चूक. मोजली कुणी, कशी, आणि चूक कशाला म्हटलं, हे कळल्याशिवाय तो आकडा ठळक अक्षरात टाकू नका. दुसरं म्हणजे डबेवाल्यांच्या आणि डब्यांच्या संख्येशेजारी वर्ष लिहाच. कोविडनंतर काम खूप घटलंय, जुना आकडा आजचा म्हणून सांगितला तर पहिल्याच प्रश्नाला ग्रुप अडकतो.

स्लाईडचं टायटल पूर्ण वाक्य पाहिजे. ‘कोडिंग सिस्टीम’ असं लिहिलं तर काहीच कळत नाही, ‘कोड चालतो कारण पत्ता बदलत नाही’ असं लिहिलं तर कळतं. आठही टायटल्स एका कागदावर लिहा आणि केस न वाचलेल्या मित्राला नुसती तीच वाचून दाखवा. त्याने शिफारस ओळखली तर कामाची वाटणी करा, आणि तो मध्येच कुठे अडखळला तर त्या दोन स्लाईड्सच्या मधला दुवा निसटलाय, तो पुन्हा केसमध्ये जाऊन शोधा. केसमधली आकड्यांची जी टेबलं स्लाईड्समध्ये घेतली नाहीत ती टाकून देऊ नका, आठव्या स्लाईडच्या मागे ठेवा, प्रश्न आला की उघडता येतात.