दिवसा घास उतरत नाही, रात्री हात थांबत नाही

ब्रेकअप झालं की अन्नावरची वासनाच जाते असं म्हणतात, काहीजण उलट खातच सुटतात असंही म्हणतात, पण माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्यांत मला खूपदा ही दोन्ही माणसं एकाच देहात दिसतात. आज तेवढंच बोलते.

धक्का बसला की मेंदूत सीआरएच नावाचं हार्मोन वाढतं, ते भूक दाबतं, आणि ताणात पोट रिकामं व्हायचा वेगही मंदावतो. म्हणून दोन घासांत पोट भरतं, मळमळतं, हे नखरे नाहीत हो. मग ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढलेलं राहतं, ते गोड-तेलकटाकडे ओढतं, त्यात झोपेचे हाल, आणि दिवसभराची उपासमार तर शरीर विसरत नाहीच.

एक मुलगी यायची, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सकाळी नुसती कॉफी, दुपारचा डबा तसाच परत, आणि रात्री अकरानंतर अंधारात ओट्यापाशी उभं राहून बिस्किटांचा अख्खा पुडा, एका हातात फोन, जुने मेसेज वर-खाली करत. सकाळी स्वतःचाच इतका राग यायचा की शिक्षा म्हणून परत नुसती कॉफी. मला सगळ्यात जास्त वाईट त्या शिक्षेचं वाटतं, कारण पुढच्या रात्रीची तयारी तिथेच होते.

मी तिला रात्रीचं बंद कर म्हटलंच नाही. उठल्यावर तासाभरात अर्धा कप दूध किंवा सूप, कारण चावायचं नको वाटतं तेव्हा पातळ पदार्थ सहज जातो, आणि कॉफी त्याच्यानंतर, रिकाम्या पोटी तिने धडधड अजून वाढते. मग दर तीन तासांनी अलार्म, चार घास गेले तरी चालतील, भुकेची वाट बघायची नाही कारण सध्या तो इशारा भरवशाचा नाही. रात्री खावंसं वाटलं तर लाइट लावून, ताटलीत घेऊन, बसून खायचं. आणि रात्री कितीही खाल्लं गेलं तरी सकाळचा अर्धा कप चुकवायचा नाही. पहिल्या आठवड्यात रात्री तशाच गेल्या, ती वैतागली, मग हळूहळू पुडा अर्धा उरायला लागला.

पण काही वेळा हे घरचे उपाय पुरत नाहीत. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि जेवण जात नसेल तर डोसबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पाणीही टिकत नसेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढलं जात असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तरी लगेच डॉक्टरांकडे जा. आणि पाचेक दिवस पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर एकदम भरपेट जेवू नका, आधी दवाखाना गाठा, कारण अशा वेळी अचानक खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊन हृदयावर ताण येऊ शकतो.