मांजराच्या हनुवटीवरचे काळे ठिपके

नमस्कार मंडळी. घरात मांजर असेल तर आज तिची हनुवटी जरा वर करून बघा. खालच्या ओठाच्या कडेला, केसांच्या मुळाशी काळी काळी भुकटी अडकल्यासारखी दिसते का? बऱ्याचदा ती घाण नसते, मुरुम असतात. हो, मांजरांनाही मुरुम येतात आणि नेमके हनुवटीवरच.

आमच्या शेजारच्या काकूंचा बोका आहे, गुंड्या. पांढराशुभ्र, त्यामुळे हनुवटी काळी दिसायला लागली तेव्हा काकूंना वाटलं हा कुठेतरी मिश्रीच्या डबीत तोंड घालतोय, आणि काका मिश्री लावतात म्हणून आधी काकांनाच बोलणी बसली. मग म्हणाल्या पिसवा असतील. त्यावर मी म्हटलं, ते काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवून बघा, पिसवांची विष्ठा असेल तर तांबूस डाग पसरतो, कारण त्यात रक्त असतं. इथे काही लालबिल आलं नाही. डॉक्टरांनी बघून सांगितलं, मुरुम आहेत, आणि पहिला प्रश्न विचारला, "हा खातो कशात?"

कशात म्हणजे काय, श्रीखंडाच्या डब्यात! आपल्याकडे श्रीखंडाचा डबा कधी मरतो का? आधी लोणचं, मग भाजणी, मग सुया-दोरे, आणि शेवटी मांजराचं ताट. डब्याला आतून एवढे चरे की बोट फिरवलं तर खरखर लागायची. काकूंनी लगेच स्टीलची पसरट वाटी काढली, लग्नातली, नाव घातलेली. (आता भांड्यांवर नावं घालत नाहीत, त्यामुळे शेजारी गेलेली वाटी परत येत नाही, हे माझं ठाम मत आहे, असो.)

वाटी बदलली, रोज घासायला लागल्या, हनुवटी पुसायला लागल्या, तरी ठिपके जैसे थे. काकू वैतागल्या, म्हणे डॉक्टरला काही कळत नाही. आणि एक दिवस जिन्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा भेटले आणि कौतुकाने सांगायला लागले, आमचा सोन्या किती शहाणा, दुपारी बरोब्बर दोनला येतो, दहीभात खातो आणि झोपतो. सोन्या म्हणजे आमचा गुंड्याच! आणि दहीभात कशात, तर आइस्क्रीमच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात. काकू आठवडाभर आजोबांशी बोलल्या नाहीत, पण दुसरी स्टीलची वाटी मात्र वर पोचली. त्यानंतर हळूहळू हनुवटी पांढरी झाली. अगदी कायमची नाही हं, अधूनमधून चार ठिपके येतातच.

तर प्लास्टिकच्या भांड्याचा आणि मुरुमांचा संबंध काय? मांजराच्या हनुवटीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी भरपूर असतात. ते तेल आणि मेलेली त्वचा केसांच्या मुळाशी साचून छिद्र बुजतं, हवा लागून वरचं टोक काळं पडतं. हे मुळात का होतं ते डॉक्टरांनाही पक्कं माहीत नाही. प्लास्टिकच्या चऱ्यांमध्ये अन्न आणि जंतू अडकतात, घासूनही जात नाहीत, आणि खाताना हनुवटी त्यावरच टेकते. काही मांजरांना प्लास्टिक सोसतही नसावं. म्हणजे प्लास्टिक हातभार लावत असेल, पण एकटं तेच दोषी असं नाही. स्टीलची वाटीही चिकट ठेवलीत तर उपयोग नाही. स्टील, काच किंवा चिनी माती, पसरट भांडं, आणि रोज साबणाने घासायचं, पाण्याचं भांडंसुद्धा.

हनुवटीसाठी मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून पिळायचं आणि दोन-तीन मिनिटं नुसतं टेकवून धरायचं, मग हलक्या हाताने टिपायचं. घासायचं नाही. आणि फोडायचं तर अजिबातच नाही, पुन्हा सांगते, फोडायचं नाही, आत फुटलं की सूज येते. डॉक्टर क्लोरहेक्सिडिन नावाच्या जंतुनाशकाचे वाइप्स देतात, ते सांगतील तसे वापरा. खोबरेल तेल नको, तिथे आधीच तेल जास्त झालंय. आपली मुरुमांची क्रीम नको, टी ट्री ऑइल नको, आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं घरातलं जंतुनाशक तर मुळीच नको, ती मांजरांना विषारी असतात आणि मांजर सगळं चाटतंच.

नुसते काळे ठिपके असतील आणि मांजर मजेत असेल तर एवढं पुरतं, धीर धरा, काही आठवडे लागतात. पण हनुवटी सुजली, लाल झाली, रक्त किंवा पू आला, हात लावू देत नाही, खाणं कमी झालं, तर घरी प्रयोग नकोत. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग झालेला असतो आणि त्याला औषध लागतं, मलम किंवा कधी पोटातून गोळ्या. केस गळून गोल चट्टा पडला असेल तर तो नायटाही असू शकतो, आणि तो आपल्यालाही लागतो, म्हणून डॉक्टर त्वचा खरवडून किंवा केस घेऊन तपासतात. जाताना मांजर कशात खातं ते सांगा, आणि शेजारी कशात खातं तेही विचारून जा.