काळा-पांढरा फोटो रंगीत स्कॅन करा

मंडळी, विषय जुन्या फोटोंवरच्या डागांचा आहे, पण माझं भांडण स्कॅनरवरच्या Grayscale या पर्यायाशी आहे. फोटो काळा-पांढरा, म्हणून लोक इमानदारीत तोच निवडतात. तिथेच घोटाळा होतो. फॉक्सिंगचे तांबूस ठिपके, चिकटपट्टीचा पिवळा डाग, यू-पिनेचा गंज या साऱ्यांना रंग आहे आणि फोटोतल्या राखाडी छटांना तो जवळजवळ नाही. डाग ओळखायची खूण हीच. Grayscale केलंत की ती पुसली जाते, मग ठिपका कोणता आणि आजोबांचा तीळ कोणता, ते आजीलाच विचारा!

तर ६०० डीपीआय, प्रति चॅनल १६ बिट, रंगीत, आणि 'आपोआप सुधारणा' सगळ्या बंद. आता लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनल उघडून बघा. तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये तो चांगलाच गडद दिसतो आणि लालमध्ये जेमतेम.

समजा, नऊवारीतल्या बाईच्या गालावर ठिपका आहे. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर स्वच्छ गाल लालमध्ये २३०, निळ्यात २००. ठिपक्यावर २१५ आणि १२०. नुसता लाल घेतला तरी फरक ८० वरून १५ वर येतो. उरलेला घालवायला GIMP मध्ये Mono Mixer उघडा, लाल १.२, हिरवा ०, निळा उणे ०.२ द्या. साध्या हिशेबाने गाल साधारण २३६, ठिपका २३४. ठिपका गेला आणि गालावर ब्रश लागलाच नाही! निळ्याचं उणं वाढवाल तसा दाणा खरबरीत होतो, म्हणून जेवढ्यास तेवढंच. फोटो मुळातच सेपिया असेल किंवा उडून पिवळा पडला असेल, तर मात्र लालमध्ये चित्रही फिकं पडतं. तिथे हे मिश्रण मास्क लावून डागापुरतंच वापरा.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा उरलेलं झटपट. चिकटपट्टीखाली चित्र सहसा शाबूत असतं, म्हणून शेजारचा तुकडा आणून क्लोन करू नका. लाल चॅनल घेतल्यावर उरलेला पट्टा निवडून Curves ने शेजारच्या छटेला आणा. पट्टीच्या कडेची बारीक रेघ तेवढी हीलिंग ब्रशने काढा.

यू-पिनेचं दुखणं दुहेरी आहे. गंज जाड असेल तर लालमध्येही काळाच राहतो, शिवाय दाबाने पडलेल्या खाचेची एक कड उजळ आणि दुसरी गडद येते. फोटो १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा, पडद्यावर सरळ करून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के ठेवा. प्रकाश उलट बाजूने आल्यामुळे सावल्या एकमेकींना खातात. थर केसभर जरी सरकला, तर डोळ्यांच्या पापण्या दुहेरी दिसतील. तेवढं १०० टक्के झूमवर तपासा. खाचेत फोटोच्या कागदावरचा चित्राचा थरच उडाला असेल, तर तिथे चित्र उरलेलंच नाही. क्लोनिंग करायचं ते फक्त तिथे.