प्रोबेशनच्या अर्जात काय वाचलं जातं

(इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या प्रोबेशन ऑफिसर असून प्रशिक्षणार्थींना मार्गदर्शन करतात.)

नमस्कार मंडळी. आज क्रिमिनॉलॉजी शिकलेली किंवा शिकणारी बरीच मुलं आली आहेत, आणि त्यांना घेऊन त्यांचे आईवडीलही आले आहेत. विषय ठरलाय तो असा: पदवी हातात आहे, ट्रेनी प्रोबेशन ऑफिसरच्या, म्हणजे गुन्हा केलेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणाऱ्या शिकाऊ अधिकाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज करायचाय, तर सोबतचं पत्र कसं लिहावं? त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी आणखी एका पत्राबद्दल बोलू द्या, कारण हा आमचा सगळा पेशाच एका पत्रातून उभा राहिला.

१८७६ साल. हर्टफर्डशरमधला फ्रेडरिक रेनर नावाचा एक मुद्रक. दारूच्या व्यसनाविरुद्ध काम करणाऱ्या चर्च ऑफ इंग्लंड टेंपरन्स सोसायटीला त्याने पत्र लिहिलं आणि सोबत पाच शिलिंग पाठवले. पत्रातलं म्हणणं साधं होतं. एकदा पाय घसरलेला माणूस पोलीस कोर्टासमोर येतो, शिक्षा भोगतो, बाहेर पडतो, पुन्हा गुन्हा करतो, पुन्हा कोर्टात उभा राहतो. हे कुठेतरी थांबवता येणार नाही का? त्या पैशातून सोसायटीने लंडनच्या पोलीस कोर्टांत मिशनरी नेमायला सुरुवात केली. पहिला होता जॉर्ज नेल्सन, सैन्यातून निवृत्त झालेला. कोर्टात बसायचं, न्यायाधीश ज्याला समज देऊन सोडायला तयार आहे त्याची चौकशी करायची, राहायची सोय आणि काम बघायचं. तीसएक वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याचा कायदा झाला. त्यात प्रोबेशन ऑफिसरचं कर्तव्य तीन क्रियापदांत सांगितलं होतं: सल्ला द्यावा, साहाय्य करावं आणि मैत्र जोडावं. भारतातला १९५८ चा परिविक्षा कायदा, म्हणजे प्रोबेशनचाच, वाचलात तर सल्ला आणि साहाय्य तिथेही सापडतील.

मला रेनरचं पत्र आवडतं, कारण त्याने स्वतःबद्दल फार सांगितलं नाही. रोज डोळ्यांसमोर काय घडतंय ते लिहिलं, प्रश्न विचारला आणि पाच शिलिंग जोडले.

आता माझी तक्रार ऐका. आजच्या मुलांची पत्रं १९०७ मध्येच थांबलेली असतात. मदत, आधार, दुसरी संधी. यातलं काही खोटं नाही, पण अर्धंच आहे. आजचा प्रोबेशन ऑफिसर कोर्टासाठी अहवाल लिहितो, त्यात शिक्षा काय असावी याचा प्रस्ताव देतो. तुरुंगातून अटींवर सुटलेल्या माणसावर देखरेख ठेवतो, आणि अटी मोडल्या, धोका वाढला तर त्याला परत आत पाठवण्याची प्रक्रिया सुरू करतो. त्याला आम्ही रिकॉल म्हणतो. ज्या माणसाला तुम्ही सकाळी घराच्या अर्जासाठी मदत केलीत, त्याचाच रिकॉल संध्याकाळी लिहायची वेळ येऊ शकते. ही दुसरी बाजू पत्रात कुठे दिसतच नाही. वाचणाऱ्याला शंका येते की या मुलीला कामाची कल्पना आहे ना? की सहा महिन्यांत हिचं मन मोडेल?

इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी रात्री सीरियल किलरच्या डॉक्युमेंटरी चालतात? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! हरकत नाही, बघा. फक्त पत्राची सुरुवात त्यांनी करू नका. ‘मला लहानपणापासून गुन्हेगारी मनाचं कुतूहल आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पुढचं वाक्यही पाठ झालंय. आमच्या टेबलासमोर येणाऱ्यांत चोरी करणारे, दारू पिऊन मारामारी करणारे किंवा गाडी चालवणारे, घरात बायकोला मारणारे हेच जास्त. त्यांच्याशी बोलायला कुतूहलापेक्षा चिकाटी जास्त लागते.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. म्हणजे इतिहासाने माझा वेळ खाल्ला. आता मुद्द्यावर येते.

एक पत्र घेऊ. ओळख पटू नये म्हणून मी त्यातले तपशील बदललेत. मुलगी क्रिमिनॉलॉजीची पदवीधर, शिकताना बेघर तरुणांच्या एका वसतिगृहात रात्रपाळी करायची. मूळ पत्र इंग्रजीत, मी मराठीत सांगते. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं होतं: ‘मला स्ट्रेन थिअरी, लेबलिंग थिअरी आणि डेसिस्टन्स यांचं सखोल ज्ञान आहे. वसतिगृहात मी अनेक आव्हानात्मक रहिवाशांना आधार दिला आणि अवघड प्रसंग यशस्वीपणे हाताळले.’

स्ट्रेन आणि लेबलिंग हे गुन्हेगारी का घडते याचे सिद्धांत, आणि डेसिस्टन्स म्हणजे माणूस गुन्ह्यापासून कसा दूर होत जातो त्याचा अभ्यास. मी विचारलं, कोणता प्रसंग? तिने अर्धा तास सांगितलं, आणि पत्रात यायला हवं होतं ते सगळं त्या अर्ध्या तासात होतं. मग तिने तो परिच्छेद असा लिहिला:

‘एक तरुण रहिवासी रोज रात्री दहाच्या सुमारास स्वयंपाकघरात येऊन बोलत बसे. एका आठवड्यात तो येईनासा झाला, दोनदा वेळेच्या मर्यादेनंतर परतला. दुसऱ्यांदा दाराबाहेर दोन अनोळखी माणसं उभी होती. उशिराची नोंद करू नको, खोली जाईल, असं त्याने मला सांगितलं. मी त्याला म्हटलं की नोंद मला करावीच लागेल. काय लिहिणार आहे ते त्याला वाचून दाखवलं आणि त्याचं म्हणणंही त्यात घातलं. वेळ, पाहिलेल्या गोष्टी आणि माझा अंदाज वेगवेगळे लिहिले. त्याच रात्री ऑन-कॉल मॅनेजरला फोन केला, कारण माणसांना हटकणं माझ्या अधिकारात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने त्याची जबाबदारी असलेल्या की-वर्करला सांगितलं की त्याच्यावर कर्ज आहे आणि ते वसूल करायला माणसं येताहेत. त्याची दुसरीकडे सोय झाली. तो काही दिवस माझ्याशी बोलला नाही.’

हा परिच्छेद वाचून मी खुर्चीत सरळ बसले. का, ते सांगते.

आमच्याकडे ओएसिस नावाची मूल्यमापनाची पद्धत आहे. तिच्यात गंभीर इजेचा धोका चार पातळ्यांत मांडतात: कमी, मध्यम, जास्त, अति जास्त. मध्यम याचा अर्थ असा की या माणसात इजा करण्याची चिन्हं आहेत, पण परिस्थिती बदलली नाही तर तो ती करण्याची शक्यता कमी. घर सुटलं, नातं तुटलं, औषधं बंद झाली, दारू वाढली, की चित्र पालटतं. म्हणजे मध्यम पातळीवरच्या माणसाची देखरेख करणं म्हणजे बदल वेळेवर दिसणं. या मुलीने रोज येणारा माणूस येईनासा झाला हे हेरलं. डेसिस्टन्स हा शब्द तिने वापरलाच नाही, पण माणूस कशाने सावरतो आणि कशाने ढासळतो हे तिला कळतं, ते दिसलं.

दुसरं, पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहिणं. ‘तो अस्वस्थ होता’ हा अंदाज. ‘तो दोनदा दाराकडे वळून बघत होता’ हे पाहिलेलं. कोर्टाच्या अहवालात हा फरक पुसला गेला तर बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि रास्तच ठेवतो.

तिसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तिने त्याच्या विनंतीला नकार दिला, पण पाठीमागे नाही, तोंडावर. आधी सांगितलं, मग लिहिलं. नियम पाळणं आणि माणूस धरून ठेवणं या दोन्ही गोष्टी एका कृतीत आल्या. आणि शेवटी तो बोलेनासा झाला हेही लिहिलं. ‘त्याने माझे आभार मानले’ असं लिहिणारी पत्रं माझ्या मनाला पटत नाहीत.

आता घाईत बाकीचं. सिव्हिल सर्व्हिसच्या, म्हणजे इथल्या सरकारी नोकरीच्या, अर्जात असा प्रसंग लिहायला बहुधा २५० शब्दांची मर्यादा असते. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम असा क्रम शिकवतात. त्यातले निम्म्याहून जास्त शब्द कृतीला द्या. ‘आम्ही’ काय केलं ते नको, ‘मी’ काय केलं ते हवं. मराठी घरातल्या मुलांना हे जड जातं, ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो; या एका कागदावर तो बाजूला ठेवा.

पदवीला एक वाक्य पुरतं, पण ते नेमकं असावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये अलीकडच्या वर्षांत पदवीधरांसाठी या प्रशिक्षणाचे दोन मार्ग आहेत, १५ महिन्यांचा आणि २१ महिन्यांचा. कोणता मिळेल ते तुमच्या पदवीत चार विषय आलेत की नाहीत यावर ठरतं: फौजदारी न्यायव्यवस्था, गुन्हा आणि गुन्हेगारी वर्तन, शिक्षेचं धोरण, आणि पुनर्वसन. पुष्कळ क्रिमिनॉलॉजी अभ्यासक्रमांत यातले दोन-तीनच येतात, आणि चौथा नुसत्या नावावरून आहे असं मुलं समजतात. विद्यापीठाची विषयपत्रिका काढा, जुळवा, आणि पत्रात ती नावं द्या. डेसिस्टन्सचं नाव घ्यायचंच असेल तर त्याचा वर सांगितलेल्या प्रसंगाशी काय संबंध ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. येत नसेल तर काढून टाका.

एक शेवटचं, मग प्रश्न घेऊ. प्रसंग सांगताना रहिवाशाचं नाव, वसतिगृहाचं नाव, शहर, तो कुठून आला, काहीही येऊ देऊ नका. एका अर्जात मी रुग्णाचा आजार, वय आणि गल्लीसुद्धा वाचली आहे. प्रसंग फार चांगला होता. तरीही तो अर्ज मी बाजूला ठेवला, कारण आमच्या फायलींत लोकांची घरं, मुलं, बळी पडलेल्यांचे पत्ते असतात, आणि ते कोणाच्या हाती द्यायचे हे मला त्या पत्रावरूनच ठरवायचं असतं.