एकच आकडा, दोन चिठ्ठ्या

[दृश्य: टेबलावर लॅपटॉप. पडद्यावर स्लाइड भराभर सरकताहेत.]

मधुमेह तपासणी शिबिरात मी देतो त्या भाषणाच्या पहिल्या मसुद्यात 23 स्लाइड होत्या. स्वादुपिंडाचं चित्र होतं, इन्शुलिन पेशीचं दार कसं उघडतं ते होतं, डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय असं सगळं ओळीनं मांडलं होतं. चुकीचं त्यात काहीच नव्हतं. तरी गेल्या शिबिरात भाषण संपल्यावर एक मावशी हातातली चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माझी 128 आलीय. म्हणजे गेली ना शुगर? आता गोळ्या बंद करू?"

चाळीस मिनिटं मी बोललो होतो. त्यांच्या हातातल्या कागदाबद्दल मात्र एक शब्दही बोललो नव्हतो.

[दृश्य: कोरा कागद. पेननं एक चौकोन काढला जातो.]

म्हणून या वेळी सुरुवात त्या कागदापासून केली. शिबिरात बोटाला सुई टोचतात, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, ग्लुकोमीटरवर आकडा येतो आणि तो चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात देतात. घरी गेल्यावर भाषण आठवो न आठवो, चिठ्ठी खिशात असते. ती वाचता यावी, एवढंच या भाषणाचं काम. ज्या स्लाइडचा चिठ्ठीशी संबंध नव्हता ती काढून टाकली. स्वादुपिंड काढताना हात थोडा अडखळला, खोटं कशाला बोलू. शेवटी 4 स्लाइड उरल्या.

पहिलीवर फक्त चिठ्ठीचं चित्र आहे. दुसरी स्लाइड मात्र या भाषणाचा जीव आहे, आणि तिच्यावर माझे दोन दिवस गेले.

[दृश्य: स्लाइड 2. शेजारी शेजारी दोन चिठ्ठ्या. दोन्हींवर मोठ्या अक्षरात 132.]

दोन्ही चिठ्ठ्यांवर आकडा तोच, 132. डावीकडच्या चिठ्ठीखाली लिहिलंय "रात्रीपासून उपाशी". उजवीकडच्या खाली लिहिलंय "जेवून दोन तास झाले". आकड्याशेजारी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहिलेलं नाही. ते मी तोंडी सांगणार आहे, आणि तेही कुणी विचारलं तर.

उजवीकडचा 132 ठीक आहे. जेवल्यावर रक्तातली साखर वर जाते आणि दोन तासांत ती 140 च्या खाली यावी अशी अपेक्षा असते. डावीकडचं प्रकरण वेगळं. किमान आठ तास पोटात काही नसताना साखर 100 च्या खाली हवी. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि 126 किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका घ्यायची. म्हणजे एक माणूस निवांत घरी जाऊ शकतो आणि दुसऱ्यानं या आठवड्यात लॅब गाठायला हवी. आकडा दोघांचा एकच.

"शंका घ्यायची" हे शब्द मी मुद्दाम ठेवलेत. कारण ग्लुकोमीटर रोगाचा निकाल देत नाही.

[दृश्य: बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब. पट्टी थेंबाला टेकते.]

हा थेंब जवळून बघा. शंभरच्या वरच्या आकड्यांत लॅबच्या तुलनेत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसतो. लॅबमध्ये साखर 132 असेल, तर यंत्रावर 112 ही दिसू शकते आणि 152 ही. त्यात कुणी नुकतंच फळ सोलून आलेलं असेल, तर बोटावरचा रस थेंबात मिसळतो आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते. बोट पिळून पिळून रक्त काढलं तर त्यात ऊतींमधलं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. म्हणून टोचण्याआधी हात साबणानं धुवायचे आणि नीट कोरडे करायचे. हे टेबलावरच्या परिचारिकेनं सांगायचं आहे, माझ्या स्लाइडनं नाही. तेव्हा तेही भाषणातून काढलं.

मग डावीकडच्या चिठ्ठीवाल्या माणसाचं पुढे काय? तिसरी स्लाइड त्याच्यासाठी आहे. समजा तो लॅबमध्ये गेला. शिरेतून रक्त घेतलं आणि उपाशीपोटीची साखर 129 आली. त्याच रक्तातून एचबीए१सी केली, ती 6.7 टक्के आली. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, आणि 6.5 पासून पुढे ती मधुमेहाकडे बोट दाखवते. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असा काही त्रास नसताना एकाच तपासणीवर निदान करायचं नसतं, दोन निकाल जुळावे लागतात. इथे ते जुळले. आता डॉक्टर "मधुमेह" हा शब्द वापरू शकतात. मात्र त्याला रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवू शकते. ते डॉक्टरांना आधी सांगायचं, म्हणजे ते दुसऱ्या मार्गानं खात्री करून घेतील.

हे सगळं स्लाइडवर लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं. तिथे एवढंच आहे: "लॅबमध्ये तपासा. आठ तास उपाशी. पाणी चालेल."

[दृश्य: रिकाम्या सभागृहात शेवटच्या खुर्चीवरून दिसणारा पडदा.]

अक्षरांचा आकार मी लॅपटॉपवर ठरवत नाही. शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसतो. चष्मा काढून वाचता आलं नाही तर शब्द कमी करतो. लाल आणि हिरवा रंगही काढलेत. लाल बघून माणूस घाबरतो, आणि हिरवा बघून जे निर्धास्त होतात त्यांची मला जास्त काळजी वाटते. उजवीकडच्या 132 वाल्याच्या आईवडिलांना मधुमेह असेल, त्याचा कंबरेचा घेर वाढलेला असेल, रक्तदाब असेल, किंवा बाईंना गरोदरपणात साखर झाली असेल, तर आकडा बरा दिसला तरी उपाशीपोटीची तपासणी करायचीच. शिबिरातली एक चिठ्ठी "तुम्हाला मधुमेह नाही" असं कधीच सांगत नाही.

चौथी स्लाइड त्या मावशींची.

[दृश्य: स्लाइड 4. "गोळ्या चालू आहेत? चालूच ठेवा."]

औषध घेताना साखर आटोक्यात आली याचा अर्थ औषध काम करतंय. त्या दिवशी मावशींना मी हेच सांगितलं, पण मांडवाच्या दाराशी, घाईघाईत. आणखी किती जण न विचारताच निघून गेले असतील, हे मनातून जात नाही. या वेळी ते व्यासपीठावरून सांगणार आहे, आणि त्याला जोडून एकच गोष्ट: साखर खूप वाढलेली आहे आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी आहे, तर लॅबची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

तालीम शेजारच्या काकांसमोर केली. बारा मिनिटं लागली. "समजलं का?" असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळेच हो म्हणतात. नमुन्याची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "काका, ही घरी काकूंना कशी समजावाल?"

काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "समजावीन की. पण मी कधी जेवलो होतो ते यावर कुठं लिहिलंय?"

[दृश्य: छापखान्यातून आलेली नवी चिठ्ठी. आकड्याच्या चौकोनाखाली एक नवी ओळ: "शेवटचं खाणं: ___ वाजता".]